पील, सुया आणि सावळी त्वचा

खोलीतला मोठा दिवा बंद करा, आरशासमोर उभं राहा आणि मोबाइलचा टॉर्च कानाच्या बाजूने गालावर तिरपा धरा. जिथे बारीक सावली पडते तिथे खड्डा आहे. जिथे सावली पडत नाही, त्वचा सपाट आहे आणि फक्त रंग गडद आहे, तिथे डाग आहे. पार्लरमध्ये किंवा डॉक्टरकडे जाण्याआधी ही दोन मिनिटांची तपासणी प्रत्येकाने करावी. मुरूम गेल्यानंतर चेहऱ्यावर उरणाऱ्या या दोन गोष्टी त्वचेच्या दोन वेगवेगळ्या थरांतल्या असतात. एकीचा उपाय दुसरीला लागू पडत नाही, आणि सावळ्या त्वचेवर चुकीचा उपाय केला तर मूळच्या त्रासात नव्या डागांची भर पडते.

सपाट गडद डाग म्हणजे मुरुमाच्या जागी सूज आल्यामुळे जास्त तयार झालेलं रंगद्रव्य. ते बहुतेक वेळा त्वचेच्या सगळ्यात वरच्या थरात असतं. चेहऱ्यावर हा थर साधारण मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाएवढाच जाड असतो. उन्हापासून जपलं आणि नवे मुरूम थांबवले, तर असे डाग काही महिन्यांत आपोआपही फिके होतात. खड्ड्याचं तसं नाही. मुरूम खोलवर गेला, तिथे पू झाला, की खालच्या जाड थरातलं कोलॅजन नष्ट होतं आणि वरची त्वचा आत ओढली जाते. हे नुकसान आपोआप भरून येत नाही.

खड्ड्यांचेही प्रकार आहेत. काही टाचणी खुपसल्यासारखे अरुंद आणि खोल असतात. काहींच्या कडा उभ्या, कापल्यासारख्या असतात. काही उथळ आणि पसरट असतात, त्यामुळे गाल ओबडधोबड दिसतो. हे तिसऱ्या प्रकारचे खड्डे गालाची त्वचा बोटांनी हलकेच ताणली की दिसेनासे होतात. ताणून पाहण्याची ही चाचणी त्वचेचे डॉक्टरही करतात, कारण उपाय कोणता करायचा हे त्यावरून बरंचसं ठरतं.

आता मुख्य मुद्दा. पार्लरमध्ये जेवढं सौम्य पील बऱ्यापैकी सुरक्षितपणे करता येतं, ते वरच्या थरापुरतं असतं. त्याने डाग फिके होऊ शकतात, खड्डा भरत नाही. खड्डा भरून यायचा तर सुई खालच्या थरापर्यंत जावी लागते, रक्ताचे बारीक थेंब यावे लागतात. ते काम निर्जंतुक हत्यारांचं आणि डॉक्टरचं आहे. ‘खड्ड्यांसाठी सहा पील’ असं पॅकेज पार्लर विकत असेल, तर एक तर त्याचा उपयोग होणार नाही, किंवा उपयोग दिसावा म्हणून कोणीतरी आम्लाचा जोर वाढवत नेईल. यातला दुसरा प्रकार सावळ्या त्वचेला फार महाग पडतो.

तो का महाग पडतो, हे नीट समजून घ्यायला हवं. त्वचेच्या रंगाची जी मोजपट्टी जगभरचे त्वचारोगतज्ज्ञ वापरतात, ती अमेरिकेतले डॉक्टर थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी 1975 मध्ये मांडली. ऊन लागल्यावर त्वचा भाजते की काळवंडते, यावर ती आधारलेली आहे. सुरुवातीला तिच्यात गोऱ्या त्वचेचेच प्रकार होते, सावळ्या आणि काळ्या त्वचेचे प्रकार नंतर जोडले गेले. आज तिच्यात सहा प्रकार आहेत आणि महाराष्ट्रातली बहुतेक माणसं चौथ्या किंवा पाचव्या प्रकारात मोडतात. रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशींची संख्या गोऱ्या आणि सावळ्या माणसांत जवळजवळ सारखीच असते. फरक असतो तो त्या पेशींच्या कामात. सावळ्या त्वचेत मेलॅनिनचे कण मोठे असतात, जास्त पसरलेले असतात, आणि या पेशी कुठल्याही सुजेला चटकन प्रतिसाद देतात. मुरूम असो, चटका असो, आम्ल असो किंवा सुई असो, सूज आली की त्या जास्त मेलॅनिन तयार करू लागतात. म्हणून सावळ्या मुलीच्या गालावरचा साधा फोडही काळा डाग सोडून जातो.

हे जादा मेलॅनिन वरच्या थरात राहिलं, तर डाग तपकिरी दिसतो आणि काही महिन्यांत, कधी वर्षभरात, फिका होतो. पण जखम खोल असेल, तर दोन थरांमधली सीमाच फाटते. मग मेलॅनिनचे कण खाली सांडतात. तिथल्या सफाईच्या पेशी ते गिळतात आणि तशाच पोटात घेऊन बसून राहतात. असा डाग करडा किंवा निळसर दिसतो, वर्षानुवर्षं टिकतो आणि त्याच्यावर क्रीमचा फारसा परिणाम होत नाही. तेव्हा सावळ्या त्वचेवर पील करताना एकच गोष्ट सतत ध्यानात ठेवायची असते, ती म्हणजे सूज कमीत कमी यावी. ‘जास्त सोललं म्हणजे जास्त फायदा’ हे गणित इथे उलटं आहे.

आता पील नेमकं कसं होतं ते पाहू, म्हणजे खुर्चीत बसल्यावर समोर काय चाललंय ते कळेल.

आधी चेहरा धुऊन स्पिरिटने किंवा ॲसिटोनने पुसतात, म्हणजे त्वचेवरचं तेल निघतं. मग नाकपुड्यांच्या कडा, ओठांचे कोपरे आणि डोळ्यांचे कोपरे यांना पेट्रोलियम जेली लावतात. या ठिकाणी द्रव साचतो आणि चटका बसतो, म्हणून ही जेली महत्त्वाची. ती लावलीच नाही, तर समोरच्या व्यक्तीला पुरेसं प्रशिक्षण नाही असं समजायला हरकत नाही. डोळ्यांवर पट्टी, हाताशी पंखा, आणि घड्याळ. मग ब्रशने किंवा कापसाने आम्ल लावतात. साधारण कपाळापासून सुरुवात होते आणि गाल, हनुवटी, नाक असं उतरत जातात, कारण नाजूक भागावर ते कमी वेळ राहावं लागतं.

यापुढे कोणतं आम्ल आहे यावर सगळं अवलंबून असतं. ग्लायकोलिक आम्ल आपण होऊन थांबत नाही. ठरलेल्या वेळी, बहुतेकदा एक ते तीन मिनिटांत, ते सोडियम बायकार्बोनेटसारख्या द्रावणाने किंवा भरपूर पाण्याने शमवावं लागतं. पहिल्यांदा येणाऱ्या सावळ्या माणसाला 20 ते 35 टक्के ग्लायकोलिकपेक्षा जास्त देऊ नये. आणि टक्केवारी हीच सगळी गोष्ट नाही. आम्ल किती तीव्र आहे हे त्याच्या पीएचवरही ठरतं. पीएच फार कमी असेल, तर कमी टक्केवारीचं द्रावणही जास्त टक्केवारीच्या सौम्य द्रावणापेक्षा खोल जातं. म्हणून बाटलीवर कंपनीचं लेबल, टक्केवारी आणि पीएच वाचता यायला हवा. दुसऱ्याच बाटलीत ओतलेलं, लेबल नसलेलं ‘आमचं स्पेशल पील’ सावळ्या चेहऱ्यावर लावून घेऊ नये.

सॅलिसिलिक आम्ल तेलकट आणि मुरूम असलेल्या त्वचेसाठी चांगलं. ते 20 ते 30 टक्के वापरतात. लावल्यावर त्याचे स्फटिक चेहऱ्यावर पांढऱ्या पावडरीसारखे दिसतात आणि ओल्या कापसाने पुसले जातात. इथे एक भेद पक्का लक्षात ठेवावा. सॅलिसिलिकचा हा पांढरा थर निरुपद्रवी आहे. ग्लायकोलिक लावल्यावर मात्र एखाद्या जागी पांढरट चट्टा उठला आणि तो पुसून जात नसेल, तर तिथली त्वचा मरते आहे. ते आम्ल त्याच क्षणी शमवायला हवं. ‘पांढरं येतंय म्हणजे छान काम होतंय’ असं वाक्य ग्लायकोलिकच्या वेळी ऐकू आलं तर हात वर करून थांबवा आणि चेहरा धुवायला सांगा. मॅन्डेलिक आणि लॅक्टिक आम्लं यांच्यापेक्षा हळू आत शिरतात, म्हणून सावळ्या त्वचेसाठी पहिली निवड म्हणून ती मला जास्त पटतात.

टीसीए, म्हणजे ट्रायक्लोरोॲसेटिक आम्ल, ही वेगळी जात आहे. ते त्वचेतली प्रथिनं गोठवतं आणि कितीही बायकार्बोनेट ओतलं तरी त्याचं झालेलं काम परत फिरत नाही. त्याचा एक फार उपयोगी वापर आहे. कोरियातल्या डॉक्टरांनी 2002 मध्ये दाखवून दिलं, की 65 ते 100 टक्के टीसीए लाकडी टोकदार काडीने फक्त अरुंद, खोल खड्ड्याच्या तळाशी टेकवलं, तर तिथे नवीन कोलॅजन तयार होऊन खड्डा वर येतो. त्यांचे रुग्ण आपल्यासारख्याच चौथ्या-पाचव्या प्रकारच्या त्वचेचे होते. पण ते थेंबाच्याही अंशाचं, खड्ड्यापुरतं, डॉक्टरच्या हातचं काम आहे. तेच आम्ल चुकून खड्ड्याबाहेर पसरलं तर चट्टा, काळा डाग आणि कधी कधी आणखी रुंद खड्डा होतो. पूर्ण चेहऱ्यावर टीसीए लावण्याची तयारी पार्लरमध्ये दिसली, तर तिथून उठावं.

आता सुयांकडे. डर्मारोलर म्हणजे हँडलवरचा छोटा रोलर, त्यावर सहसा दोनशेच्या आसपास बारीक सुया. डर्मापेन म्हणजे विजेवर चालणारं पेनासारखं यंत्र, त्याच्या टोकाच्या काडतुसातल्या सुया वर-खाली होतात आणि खोली आकड्याने ठरवता येते. दोन्हींचं तत्त्व एकच आहे. सुईने त्वचेत असंख्य बारीक छिद्रं पाडायची, म्हणजे शरीर तिथे दुरुस्ती सुरू करतं आणि काही महिन्यांत नवीन कोलॅजन तयार करतं. लेझरच्या तुलनेत याचा सावळ्या त्वचेला एक खरा फायदा आहे. लेझर उष्णतेने वरचा थर जाळतो किंवा तापवतो, तर सुई वरचा थर बराचसा शाबूत ठेवून खाली जाते. त्यामुळे डाग पडण्याची शक्यता कमी होते. ती संपत मात्र नाही. भारतीय रुग्णांवर झालेल्या अभ्यासांतही काहींना सुयांनंतर काळे डाग पडलेले नोंदले आहेत.

इथे खोलीचा आकडा विचारायला हवा. 0.25 किंवा 0.5 मिलिमीटरच्या सुया, ज्या घरगुती रोलरमध्ये आणि पार्लरच्या ‘ग्लो’ उपचारात असतात, त्या मुख्यतः लावलेलं सीरम आत शिरायला मदत करतात. खड्ड्यांसाठी गालावर साधारण 1.5 मिलिमीटर, काही जागी त्याहून थोडं जास्त लागतं. त्यासाठी आधी सुन्न करणारं मलम पाऊण ते एक तास लावून ठेवतात, मग चारही दिशांनी सुया फिरवतात. टाचणीच्या टोकाएवढे रक्ताचे समान थेंब दिसले, की थांबायचं. कपाळावर, गालाच्या हाडावर आणि जबड्यावर त्वचा पातळ असते, तिथे खोली कमी करावी लागते. 2 मिलिमीटरचा रोलर हाडाच्या भागावर दाबून फिरवल्यामुळे समांतर रेषांमध्ये कायमचे ओरखड्यांसारखे वण पडल्याची उदाहरणं वैद्यकीय नियतकालिकांत छापली गेली आहेत. सत्रांमध्ये किमान चार ते सहा आठवड्यांचं अंतर लागतं आणि चार-पाच सत्रांनंतर पसरट, उथळ खड्ड्यांमध्ये बऱ्यापैकी फरक पडतो. टाचणीसारखे अरुंद खड्डे मात्र सुयांना फारशी दाद देत नाहीत.

सुयांच्या बाबतीत डागांपेक्षाही मोठा धोका संसर्गाचा आहे. अमेरिकेत न्यू मेक्सिको राज्यातल्या एका परवाना नसलेल्या स्पामध्ये ‘व्हँपायर फेशियल’ केलेल्या ग्राहक महिलांमध्ये एचआयव्हीची लागण आढळली. या उपचारात स्वतःचंच रक्त काढून त्यातला भाग सुयांनी चेहऱ्यात घालतात. 2018 मध्ये तपास सुरू झाला. 2024 मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने, म्हणजे सीडीसीने, त्याचा अहवाल प्रसिद्ध केला. सौंदर्योपचाराच्या सुयांमधून एचआयव्ही पसरल्याची ती पहिली नोंदलेली घटना ठरली. तिथे एकदाच वापरायच्या वस्तू पुन्हा वापरल्या जात होत्या. रोलर स्पिरिटमध्ये बुडवून निर्जंतुक होत नाही, सुयांच्या मुळाशी रक्त आणि त्वचेचे कण अडकून राहतात. म्हणून सीलबंद पाकीट तुमच्यासमोर उघडलं गेलं पाहिजे, आणि काम झाल्यावर तो रोलर किंवा ते काडतूस तुमच्यासमोर सुयांच्या डब्यात पडलं पाहिजे. ‘हा तुमच्याच नावाचा रोलर, पुढच्या वेळेसाठी ठेवतो’ हेही चालत नाही. सुया पहिल्याच वापरात बोथट होतात आणि बोथट सुई त्वचा टोचत नाही, फाडते.

आणखी एक गोष्ट पार्लरमध्ये सर्रास होते. सुया फिरवून झाल्या, की लगेच सुगंधी व्हिटॅमिन सीचं सीरम चोळतात. चेहऱ्याला वरून लावायला बनवलेलं सीरम छिद्रांतून आत गेलं, तर शरीर त्याला परकी वस्तू समजून त्याभोवती गाठी तयार करू शकतं. अशा गाठी झालेल्या रुग्णांची नोंद वैद्यकीय साहित्यात आहे. सुयांनंतर लगेच निर्जंतुक सलाइनने पुसणं आणि डॉक्टरने सांगितलेलं साधं मलम, एवढंच पुरतं.

तर निवड कशी करायची? जागेची झगमग, यंत्राचं नाव किंवा ‘आधी-नंतर’चे फोटो यांनी काही कळत नाही. फोटोतला प्रकाश बदलला की खड्डे तसेही दिसेनासे होतात, टॉर्चची चाचणी आठवा. मी तरी एकाच गोष्टीवर भर देईन, ती म्हणजे समोरची व्यक्ती तुम्हाला काय विचारते. सावळ्या त्वचेवर जबाबदारीने काम करणारा माणूस आम्लाच्या बाटलीला हात लावण्याआधी बरंच काही विचारतो. आधी जखमेच्या जागी फुगीर वण आले आहेत का? तोंडाभोवती पाणी भरलेल्या फोडांचा, म्हणजे हर्पीसचा त्रास वारंवार होतो का? कोड आहे का? मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू आहेत किंवा नुकत्याच झाल्या आहेत का? गरोदर आहात का? गेल्या आठवड्यात थ्रेडिंग, वॅक्सिंग किंवा ब्लीच केलंय का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, तुम्ही चेहऱ्याला कोणतं क्रीम लावता?

शेवटच्या प्रश्नावर थोडं थांबायला हवं. औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळणारी, हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोनसारखं स्टेरॉइड एकत्र असलेली ट्यूब महाराष्ट्रात गावोगाव गोरेपणाचं क्रीम म्हणून वापरली जाते. मैत्रीण सांगते, कधी पार्लरवाल्या ताई सांगतात. पहिले काही आठवडे चेहरा उजळतो. मग त्वचा पातळ होते, लाल होते, उन्हात जळजळते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात आणि क्रीम बंद केलं की पुरळ उसळतं. अशा चेहऱ्यावर सौम्य पीलही खोल जातं. अनेक मुली ‘काही लावत नाही’ असं सांगतात, कारण त्यांच्या मते ते क्रीम औषध नसतं. म्हणून जाताना घरातल्या सगळ्या ट्यूब पिशवीत घालून न्याव्यात आणि समोर ठेवाव्यात.

ब्लीच आणि थ्रेडिंगचंही तसंच. आपल्याकडे पार्लरला एकदा गेलं की सगळं एकाच बैठकीत उरकायची पद्धत आहे. भुवया, वरच्या ओठावरचे केस, ब्लीच, आणि मग पील. थ्रेडिंगने ओठावरच्या त्वचेला आधीच बारीक जखमा झालेल्या असतात. त्यावर आम्ल गेलं की तिथे पट्टीसारखा काळा डाग उठतो. मिशीसारखा दिसणारा हा डाग घेऊन कितीतरी बायका डॉक्टरकडे येतात. पीलच्या आधी आणि नंतर निदान आठवडाभर यापैकी काहीही नको.

डॉक्टर शोधताना पदवी बघा. त्वचारोगात एमडी, डीएनबी किंवा डीडीव्हीएल हे खास शिक्षण आहे. कॉस्मेटॉलॉजीचं काही आठवड्यांचं प्रमाणपत्र म्हणजे त्वचारोगतज्ज्ञ नव्हे. पांढरा कोट घातलेली प्रत्येक व्यक्ती डॉक्टर नसते, म्हणून नाव आणि नोंदणी क्रमांक विचारायला संकोचू नये. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या त्वचारोग विभागातही मुरुमांच्या खड्ड्यांसाठी दाखवता येतं.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, नाशिकची सव्वीस वर्षांची एक मुलगी आहे. रंग सावळा, दोन्ही गालांवर गडद डाग, टॉर्च धरला की पसरट खड्डेही दिसतात, हनुवटीवर अजून दोन-चार मुरूम चालू आहेत. लग्न मेच्या मध्यात आहे. जानेवारीत पार्लरमध्ये तिला सहा पील आणि दोन वेळा डर्मारोलर असं लग्नाचं पॅकेज सांगतात, शेवटचं पील लग्नाच्या आठ दिवस आधी. ती चार महिन्यांपासून वर सांगितलेलं तिहेरी क्रीम लावते आहे.

त्वचेच्या डॉक्टरकडे गेली तर गोष्टी वेगळ्या क्रमाने घडतील. आधी ते क्रीम डॉक्टरच्या देखरेखीखाली टप्प्याटप्प्याने बंद होईल. क्रीम सुटताना चेहरा काही आठवडे लाल राहील, पुरळ येईल. त्या काळात ना पील, ना सुया. मुरुमांवर औषध सुरू होईल, कारण नवे मुरूम येत असताना डाग काढणं व्यर्थ आहे, आणि चालू मुरुमांवरून सुया फिरवल्या तर जंतू चेहराभर पसरतात. त्वचा शांत झाली, की फेब्रुवारीच्या शेवटापासून साधारण दोन ते चार आठवडे त्वचा ‘तयार’ करायची. रात्री ॲझेलिक आम्ल किंवा सौम्य ट्रेटिनॉइनसारखं क्रीम, रोज सकाळी सनस्क्रीन. या तयारीने रंगद्रव्याच्या पेशी थोड्या शांत होतात आणि आम्ल सगळीकडे सारखं शिरतं. ट्रेटिनॉइन पीलच्या काही दिवस आधी बंद करतात. माझ्या मते सावळ्या त्वचेच्या पीलमधला हा सर्वात महत्त्वाचा आणि सर्वात जास्त वगळला जाणारा टप्पा आहे.

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात कानामागे किंवा जबड्याखाली छोट्या जागी चाचणी. लालसरपणा दुसऱ्याच दिवशी दिसेल, पण काळेपणा यायला दोन आठवडे लागू शकतात, म्हणून तेवढं थांबायचं. एप्रिलच्या सुरुवातीला 20 टक्के सॅलिसिलिकचं एक पील, कमी वेळ. सगळं ठीक गेलं, तर दोन आठवड्यांनी मॅन्डेलिकचं दुसरं. आणि तिथे थांबायचं, म्हणजे लग्नाआधी जवळपास चार आठवडे मोकळे राहतात. हळद लागेल त्या दिवशी त्वचा कुठेही सोलवटलेली नको, आणि वैशाखाच्या उन्हात मांडवात उभं राहायचं आहे. सहाऐवजी दोनच पील झाले. डाग पूर्ण जाणार नाहीत, बरेच फिके होतील. खड्ड्यांना या काळात हात लावायचा नाही. चार-पाच सत्रं आणि कोलॅजन तयार होण्याचे महिने मेपर्यंत मावतच नाहीत. ते काम पावसाळ्यानंतर सुरू करता येईल. तोवर बाळाचा विचार असेल तर तसं डॉक्टरना सांगायचं, कारण ट्रेटिनॉइनसारखी काही औषधं तेव्हा टाळावी लागतात.

सनस्क्रीनबद्दल एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. सावळ्या त्वचेला फक्त अतिनील किरणच काळवंडवत नाहीत, डोळ्यांना दिसणारा उजेडही, विशेषतः त्यातला निळा भाग, रंगद्रव्य वाढवतो. साधं पारदर्शक सनस्क्रीन हा उजेड अडवत नाही. आयर्न ऑक्साइड असलेलं, त्वचेच्या रंगाची छटा असलेलं सनस्क्रीन तो अडवतं. पीलनंतर एसपीएफ 30 किंवा जास्त असलेलं असं रंगीत सनस्क्रीन दोन बोटांवर लांब पट्टी घेऊन चेहरा आणि मानेला लावायचं, बाहेर असलात तर दर दोन-तीन तासांनी पुन्हा. दुचाकीवर स्कार्फ बांधलाच पाहिजे, पण स्कार्फ म्हणजे सनस्क्रीनला पर्याय नाही.

पीलनंतर तीन ते सात दिवस बारीक साल निघते. ती ओढून काढायची नाही, ओढली की खालची कच्ची त्वचा उघडी पडते आणि तिथेच डाग पडतो. बिघाड कसा ओळखायचा? सावळ्या त्वचेवर सूज पुस्तकातल्या फोटोंसारखी लालभडक दिसत नाही. ती जांभळट किंवा तपकिरी दिसते, म्हणून नुसत्या रंगावर जाऊ नका. एखादी जागा तीन-चार दिवसांनंतरही गरम लागत असेल, खाजत किंवा ठणकत असेल, खपली धरत असेल, बारीक फोड उठले असतील, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता त्वचेच्या डॉक्टरकडे जा. या टप्प्यावर सूज वेळीच आवरली, तर डाग टाळता किंवा कमी करता येतो. डाग दिसू लागण्याआधीची ही काही दिवसांची संधी असते.

डाग उमटलाच, तर काय करू नये ते आधी. पार्लर म्हणेल, ‘अजून एक पील करू, निघून जाईल.’ सुजलेल्या त्वचेवर दुसरं पील म्हणजे डाग खाली ढकलणं. हायड्रोक्विनोनचं क्रीम दुकानातून आणून महिनोन् महिने लावणंही तितकंच घातक. लांबलेल्या वापराने त्या जागी निळसर-काळा कायमचा रंग धरू शकतो. ते डॉक्टरच्या सांगण्यानुसार मोजक्या आठवड्यांसाठीच असतं. बाकी उपाय साधे आहेत: रंगीत सनस्क्रीन, ॲझेलिक आम्लासारखं सौम्य क्रीम, घासणं बंद आणि थांबणं. तपकिरी डागाला तीन ते सहा महिने, कधी वर्ष द्यावं लागतं. दर महिन्याला एकाच खिडकीपाशी, एकाच वेळी फोटो काढून ठेवले तर फिकेपणा कळतो, रोज आरशात कळत नाही. डाग करडा-निळसर असेल तर तो खालच्या थरात आहे, आणि त्यावर घरच्या घरी काही करण्यात अर्थ नाही.

पीलला किंवा सुयांना बसण्याआधी पार्लरकडून किंवा दवाखान्याकडून एक कागद लिहून घ्या. त्यावर आम्लाचं नाव, टक्केवारी, किती मिनिटं ठेवलं, सुयांची खोली आणि तारीख असावी. काही बिनसलं, तर डॉक्टरला नेमका हाच कागद लागतो. ‘कुठलं तरी फ्रूट पील होतं’ एवढ्यावरून चटका किती खोल गेला असेल, हे त्यांना सांगता येत नाही.